साहेब, वजाबाकी १ जूनपासून नव्हती करायची

प्रति,
आमच्या तालुक्यात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी बसून निवृत्त शिक्षकांच्या पेन्शनची बिलं तयार करणाऱ्या, तपासणाऱ्या आणि त्यांवर सही करणाऱ्या सर्वांस,

नमस्कार.

मी ३१ मे २०२४ रोजी निवृत्त झालेली जिल्हा परिषदेची प्राथमिक शिक्षिका. बत्तीस वर्षं मांजरेच्या काठच्या गावांमध्ये शिकवलं, त्यातली बरीचशी तिसरी-चौथीला. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. ज्यांचं आहे त्यांना चार ओळी वाचल्या की कळेल.

३१ मे ही तारीख आमच्या पिढीतल्या अर्ध्या शिक्षकांची आहे. आम्हाला शाळेत घालायला आमचे आई-वडील गेले तेव्हा जन्मतारीख कुणाला ठाऊक होती? हेडमास्तरांनी पोरीकडे बघितलं, हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का ते पाहिलं आणि १ जून लिहून टाकलं. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेल्याची निवृत्ती आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी होते, म्हणून आम्ही सगळे ३१ मेला घरी. १ जुलैची वेतनवाढ एका महिन्याने हुकली, ते त्या हेडमास्तरांच्या नावावर. पण ही तारीख या पत्रात महत्त्वाची आहे, कारण आम्ही सगळे एकाच बिलात बसलो आणि एकच चूक आमच्यातल्या अनेकांच्या वाट्याला आली.

माझी पेन्शन किती येणार, याचा हिशेब मी मे महिन्यातच वहीत मांडून ठेवला होता. शेवटचा मूळ पगार ६८,०००. नोकरी नोव्हेंबर २००५ च्या आधीची, म्हणजे जुनी पेन्शन, आणि सेवा वीस वर्षांच्या वर, म्हणजे पूर्ण पेन्शन, मूळ पगाराच्या निम्मी: ३४,०००. त्यावर महागाई. मे महिन्यात दर ४६ टक्के होता, तो मी लिहिला. जुलैत सरकारचा आदेश आला आणि १ जानेवारीपासून ५० टक्के झाला, तेव्हा ४६ वर काट मारून ५० केले. ३४,००० वर १७,०००. बेरीज ५१,०००.

पुढे विक्री. नियमांच्या भाषेत अंशराशीकरण, पण आमच्याकडे "पेन्शन विकली" असंच म्हणतात. मी चाळीस टक्के विकायचा अर्ज दिला होता. म्हणजे ३४,००० मधले दरमहा १३,६०० सरकारला सोडायचे आणि त्या बदल्यात एकरकमी पैसे घ्यायचे. पुढच्या वाढदिवसाला वय ५९, त्या वयाचा तक्त्यातला गुणक ८.३७१. म्हणून १३,६०० गुणिले १२ गुणिले ८.३७१, बरोबर १३,६६,१४७ रुपये. पंधरा वर्षांनी तो विकलेला भाग परत चालू होतो. तोवर मी त्र्याहत्तर वर्षांची असेन. विक्रीनंतर हातात काय येईल, तर मी वहीत लिहिलं: उरलेले २०,४०० आणि त्यावर ५० टक्के महागाई, १०,२००. बेरीज ३०,६००. हा आकडा चुकीचा होता. कसा, ते पुढे येतंच.

जून गेला, जुलै गेला, ऑगस्ट गेला. पेन्शनची केस कुठे आहे हे विचारलं की कधी पडताळणीला, कधी वित्त विभागात, कधी "साहेबांच्या टेबलवर" असायची. केस लांबली तर तात्पुरतं निवृत्तिवेतन द्यायची सोय नियमात आहे, तेही कुणी दिलं नाही, आणि मी मागितलं नाही, हा माझाही दोष. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंड्याला जुन्या शाळेत गेले होते. तिथं प्रत्येकाने एकच विचारलं, "चालू झाली का?" त्यानंतर तीन दिवसांनी पेन्शनचा आदेश निघाला. आणि ४ ऑक्टोबरला, घट बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, मोबाईलवर बँकेचा मेसेज आला: १,४९,६०० जमा.

जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, चार महिने. मी वही काढली. ५१,००० च्या चौपट २,०४,०००. बरं, विक्री धरली असेल म्हटलं. ३०,६०० च्या चौपट १,२२,४००. आलेली रक्कम दोन्हींत बसेना. पहिल्यापेक्षा कमी, दुसरीपेक्षा जास्त.

रात्री झोप लागली नाही हे खरं. चौथीच्या पोरांना मी एक सवय लावायचे. उत्तर जुळलं नाही तर गणित पुन्हा पहिल्यापासून करू नका, आधी फरक काढा. पोरगं कुठं अडखळलं ते फरकाकडे बघून दिसतं. फरक ९ ने भागला गेला तर बहुतेक वेळा दोन अंक उलटसुलट लिहिलेत. फरक एखाद्या ओळीइतकाच असेल तर ती ओळ मिळवायची राहिली. पेन्शनमध्येही हेच चालतं, पण तिथं चुकांचे आकडे वेगळे. माझ्या उदाहरणात महिन्याचा फरक १,३६० असता, तर महागाई ५० ऐवजी ४६ ने काढली असं समजलं असतं. १,५०० असता, तर शेवटचा पगार एक वेतनवाढ कमी, म्हणजे ६६,०००, धरला गेला असता आणि मला सेवापुस्तकाकडे धावावं लागलं असतं.

मी २,०४,००० मधून १,४९,६०० वजा केले. ५४,४००. त्याला चाराने भागलं. १३,६००.

हा आकडा ओळखीचा होता. विकलेला भाग, तंतोतंत. म्हणजे तुम्ही ५१,००० मधून फक्त १३,६०० वजा केले होते आणि महागाईला हात लावला नव्हता. महिन्याचे ३७,४००. मग माझ्या वहीतले ३०,६०० कुठून आले? मी महागाई उरलेल्या २०,४०० वर काढली होती. तुम्ही ती पूर्ण ३४,००० वर काढली.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या सरांना फोन केला. ते माझ्या सात वर्षं आधी निवृत्त झालेले आणि पेन्शनच्या बाबतीत आमच्या तालुक्याचे अर्धे वकील. ते हसले. "मॅडम, विकतो ती मूळ पेन्शन. महागाई विकत नसतो. ती कायम पूर्ण पेन्शनवरच मिळते." म्हणजे या जागी तुमचं बिल बरोबर आणि माझी वही चूक. दरमहा ६,८०० रुपयांनी चूक. हे मी इथं मुद्दाम लिहितेय. एक तर खरं आहे म्हणून, आणि दुसरं, हे पत्र वाचणाऱ्या कितीतरी निवृत्त मंडळींनी वहीत हीच चूक केली असेल. उद्या दर वाढला तरी तुमची वाढ पूर्ण मूळ पेन्शनवर मोजा, उरलेल्यावर नाही.

माझी चूक मी लाल पेनाने खोडली. आता तुमची.

४ ऑक्टोबरला मला चार महिन्यांची पेन्शन मिळाली, १३,६०० वजा होऊन. त्या दिवशी विक्रीचा एक रुपयाही माझ्या खात्यात आलेला नव्हता. तो आला ९ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या तीन दिवस आधी, १३,६६,१४७ रुपये, पूर्ण आणि बरोबर. त्याबद्दल तक्रार नाही. पण मग जून ते सप्टेंबर दरमहा १३,६०० कशाचे कापले? जी वस्तू विकून पैसे मिळालेच नव्हते, तिचा ताबा तुम्ही चार महिने आधीच घेतला.

आमच्या नियमात, म्हणजे १९८४ च्या अंशराशीकरणाच्या नियमात, हे स्पष्ट आहे. अर्ज वेळेवर दिला असेल तर विक्री निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी पक्की होते. पण पेन्शनमधली कपात त्या दिवसापासून सुरू होत नाही. ती पैसे हातात पडतात त्या दिवसापासून सुरू होते, किंवा पैसे घेऊन जा असा आदेश निघून तीन महिने झाले तर तेव्हापासून, यातलं जे आधी असेल ते. माझा आदेश २० सप्टेंबरचा, पैसे ९ ऑक्टोबरला. तीन महिन्यांचा प्रश्नच येत नाही. कपात ९ ऑक्टोबरपासून.

मी हे सगळं एका कागदावर मांडून तालुक्याला गेले. टेबलावरचे भाऊसाहेब चांगले आहेत, त्यांनी पाणी दिलं, कागद वाचला आणि मला माझा पेन्शन आदेश दाखवला. "मॅडम, ह्यातच लिहिलंय बघा. निवृत्तिवेतन सुरू होण्याची तारीख १ जून २०२४. मी आदेशाप्रमाणंच करायलो."

तिथंच मला चूक कुठून उगवली ते कळलं. त्या आदेशावर तीन रकमा असतात: पूर्ण पेन्शन, विकलेला भाग आणि उरलेली पेन्शन. तारीख मात्र एकच ठळक असते, पेन्शन सुरू होण्याची. ती १ जून, आणि ती बरोबरच आहे. पण ती पूर्ण पेन्शनची तारीख आहे. भाऊसाहेबांनी बिल करताना उरलेली पेन्शन उचलली आणि तिला पूर्ण पेन्शनची तारीख लावली. विक्रीचे पैसे वेगळ्या बिलाने, वेगळ्या दिवशी, अनुदान येईल तसे निघतात. ते कधी निघाले हे पेन्शनचं बिल करणाऱ्याला बिल करताना माहीतच नसतं. दोन कागद एकमेकांशी बोलत नाहीत आणि मधल्या महिन्यांची झळ आम्हाला बसते. यात कुणाची नियत वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण चूक निव्वळ माझ्याबाबतीत झालेली नाही, हेही त्याच वेळी लक्षात आलं.

ते तपासायला मी दोन पासबुकं मागवली. एक माझ्याच दिवशी निवृत्त झालेल्या बाईंचं. त्यांचा शेवटचा पगार ६०,४००, पेन्शन ३०,२००, विकलेला भाग १२,०८०. त्यांना चार महिन्यांचे १,३२,८८० मिळाले. यायला हवे होते १,८१,२००. फरक ४८,३२०, भागिले चार, १२,०८०. म्हणजे त्यांचाही विकलेलाच भाग, रुपयाचाही इकडचा तिकडे फरक नाही. दुसरं पासबुक एका सरांचं. त्यांनी पेन्शन विकलीच नाही, मुलगा म्हणाला कशाला विकता. त्यांची चार महिन्यांची रक्कम माझ्या मांडणीशी पैसान्‌पैसा जुळली. ज्याने विकली त्याचं चुकलं, ज्याने विकली नाही त्याचं बरोबर. याहून स्वच्छ पडताळा चौथीच्या गणितातही मिळत नाही.

मग मी लेखी अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि भाऊसाहेब निवडणुकीच्या कामाला. ते मी समजू शकते, मीही कितीतरी वेळा मतदानाच्या पेट्या डोक्यावर घेऊन चिखलातून गेलेय. निकाल लागल्यावर पुन्हा गेले. तेव्हा आतल्या साहेबांनी बसवून घेतलं आणि सांगितलं, "तुमचं आम्ही बघतो मॅडम. पण ह्याचा गाजावाजा नको." आणि वर आणखी एक समजावणी दिली: कपात जूनपासून धरली तर पंधरा वर्षंही जूनपासून मोजली जातील, विकलेला भाग चार महिने आधी परत चालू होईल, म्हणजे हिशेब शेवटी तोच.

हे पत्र खुलं लिहायचं कारण त्या खोलीतली ही दोन वाक्यं आहेत.

दुसऱ्या वाक्याचं उत्तर आधी देते, कारण ते ऐकायला गोड आहे आणि बरेचजण त्यावर घरी परत जातील. साहेब, २०३९ साली मिळणारे चार महिने आज कापलेल्या चार महिन्यांची भरपाई होत नाही. विक्रीचा गुणकच मुळी या गोष्टीवर उभा आहे. पंधरा वर्षांच्या १८० हप्त्यांच्या बदल्यात तुम्ही मला सुमारे शंभर हप्त्यांइतकी रक्कम आज देता. का? कारण आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा जड, आणि पंधरा वर्षांनी माणूस असेल की नाही याचाही त्यात हिशेब आहे. तो हिशेब तुमच्या बाजूने लावायचा आणि माझ्या चार महिन्यांना मात्र "तोच" म्हणायचं, हे जमणार नाही. आणि मी मधेच गेले तर? कुटुंब निवृत्तिवेतनात विक्रीची कपात नसतेच, म्हणजे ते चार महिने मग कुणालाच परत मिळत नाहीत.

कपात ९ ऑक्टोबर २०२४ पासून धरली तर पंधरा वर्षंही तिथूनच मोजा. २०३९ च्या ऑक्टोबरात चालू करा. मला जूनची घाई नाही.

पहिल्या वाक्याबद्दल. माझं एकटीचं बघू नका. त्या बिलात ३१ मेचे जेवढे आहेत, आणि ज्यांनी पेन्शन विकली आहे, त्या सगळ्यांचं बघा. त्यातले दोघे-तिघे असे आहेत की रक्कम आली एवढंच त्यांना माहीत आहे. एक बाई नवरा गेल्यापासून बँकेतही एकट्या जात नाहीत. त्यांनी फरक काढायचा, नियम शोधायचा आणि आवक क्रमांक घ्यायचा, अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे पहिलीच्या पोराला भागाकार सांगणं. पन्नास हजारांच्या आसपासची रक्कम आहे ही, प्रत्येकाची. या वर्षी सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन पाण्यात गेलेल्या घरांमध्ये ती कुठं लागली असती, ते मी सांगायला नको.

तुमच्याकडे मागणं फार नाही. त्या बिलातल्या प्रत्येक नावापुढे विक्रीचे पैसे खात्यात जमा झाल्याची तारीख लिहा. ती बँकेकडून मिळते, किंवा तुमच्याच दुसऱ्या बिलावर आहे. १ जून ते त्या तारखेच्या आदल्या दिवसापर्यंत पूर्ण पेन्शन, त्या दिवसापासून उरलेली. फरकाचं पुरवणी बिल काढा. आणि पुढच्या वर्षी, जेव्हा १ जूनला जन्मलेल्यांची नवी तुकडी येईल, तेव्हा पेन्शनच्या आदेशावर कपात सुरू होण्याच्या तारखेची एक जागा वेगळी सोडा. ती आदेश निघताना रिकामी राहील. विक्रीचे पैसे जमा झाल्यावर भरायची. भाऊसाहेबांना मग १ जून उचलायचा मोह होणार नाही.

माझं म्हणाल तर जून ते सप्टेंबरचे ५४,४०० आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठ दिवसांचे, १३,६०० गुणिले ८ भागिले ३१, म्हणजे ३,५१०. एकूण ५७,९१०. ऑक्टोबरची पेन्शनही तुम्ही पूर्ण महिना कापूनच पाठवली आहे, ते नोव्हेंबरच्या पासबुकात दिसलं.

आपली,
एक निवृत्त सहशिक्षिका
डिसेंबर २०२४

ता. क. आमच्या गटातल्या निवृत्त मंडळींसाठी: पासबुक, पेन्शन आदेशाची झेरॉक्स आणि विक्रीचे पैसे आल्याचा बँकेचा मेसेज, हे तीन कागद घेऊन रविवारी सकाळी माझ्याकडे या. चष्मा आणायला विसरू नका, आदेशावरची अक्षरं बारीक आहेत.